कल्ले किती ठेवू, दादा?

सलूनच्या खुर्चीत बसलेल्या पुरुषाला "कल्ले किती ठेवू?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "ठेवा नेहमीसारखे." नेहमीसारखे म्हणजे कसे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक असतं! घरी आल्यावर मात्र बायको नाहीतर आई म्हणते, "आज चेहरा काहीतरीच दिसतोय." केस नीट कापलेले, दाढी गुळगुळीत, मग बिघडलं काय? बिघडलेलं असतं ते कानाजवळच्या दोन बोटांच्या पट्टीत.

हे मला कळलं ते आमच्या बचत गटातल्या एका बाईमुळे. नवऱ्याला पक्षाघात झाला, दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिने स्वतःच वस्तरा हातात घेतला. गटाच्या हिशेबाच्या निमित्ताने मी तिच्या दुकानातल्या बाकावर कित्येक दुपारी बसले आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकतच यायचं. एक कल्ला वर, एक खाली झाला की ते परत यायचं नाही. घर त्या दुकानावर चाललेलं. त्यामुळे कल्ल्यांचा तिने जेवढा अभ्यास केला, तेवढा मी बी.ए.ला मराठीचाही केला नसेल!

तिचं म्हणणं साधं आहे. कल्ला म्हणजे चेहऱ्याच्या बाजूला ओढलेली उभी रेघ आणि त्याचं खालचं टोक म्हणजे आडवी रेघ. उभी रेघ लांब आणि बारीक असेल, तर चेहरा लांबट आणि निमुळता वाटतो. ती आखूड आणि रुंद असेल, टोक सरळ आडवं कापलेलं असेल, तर नजर आडवी जाते आणि चेहरा भरल्यासारखा वाटतो. म्हणजे चेहऱ्यात जे जास्त आहे, ते कल्ल्याने आणखी वाढवायचं नाही.

पण चेहरा अरुंद की रुंद, हे ठरवायचं कसं? आपली रोजची नजर इथे फसते. मोबाईल हाताच्या अंतरावर धरून काढलेल्या फोटोवर तर मुळीच जाऊ नये. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा अरुंद येतो. पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीला मोबाईल धरून समोरून फोटो काढावा. त्यावर फूटपट्टीने केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालाच्या हाडांपाशी सगळ्यात जास्त असलेली रुंदी मोजावी. लांबी रुंदीच्या साधारण दीडपटीहून जास्त असेल तर चेहरा लांबट, सव्वापटीच्या आसपास असेल तर रुंद. टक्कल पडायला लागलेल्यांनी केसांची रेषा कपाळाच्या सगळ्यात वरच्या आठीशी धरावी, नाहीतर प्रत्येकाचाच चेहरा लांबट निघेल.

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगते. त्याचं लग्न ठरलं होतं. फोटोत चेहरा आठ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे दीडपटीहून जास्तच. त्यात त्याने कुठल्याशा नटाचं बघून कानाच्या पाळीखाली जाणारे, करंगळीपेक्षाही बारीक कल्ले ठेवलेले. वहिनी म्हणाल्या, "मुलगा आजारी दिसतो हो." मी त्याला तिच्याकडे नेलं. तिने कल्ले कानाच्या मध्यावर, भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो त्याच्या जरासे खाली आणून थांबवले. पण अरुंद राहू दिले नाहीत. गालाच्या बाजूची वस्तऱ्याने कोरलेली कड तिने तशीच वाढू दिली आणि तीन आठवड्यांनी जवळजवळ अंगठ्याएवढी रुंदी राखून नवी कड काढली. खालचं टोक सरळ, आडवं. केसही अगदी बारीक केले नाहीत. मशिनला तीन नंबरची टोपी लावली, म्हणजे जवळपास दहा मिलिमीटर केस राहिले. कानशिलापाशी तेवढा भर आला आणि चेहरा एकदम माणसात आला! (वहिनींचे शब्द.) अमिताभ बच्चनचे १९७० च्या दशकातले फोटो आठवा. चेहरा उभट, पण कानावरून आलेले केस आणि रुंद कल्ले यांनी तो कसा भरून निघायचा!

माझ्या धाकट्या दिरांचं उलट. चेहरा रुंद, गाल भरलेले आणि कल्ले कानाच्या वरच्या टोकाशीच सपाट छाटलेले. त्यामुळे कानापासून जबड्यापर्यंत नुसतं उघडं मैदान. त्यांना तिने कल्ले कानाच्या पाळीच्या वरच्या कडेपर्यंत आणायला सांगितले, रुंदी एका बोटाएवढी आणि खाली जाताना किंचित निमुळती. टोक सरळ आडवं न कापता तिरकं, कानाकडची बाजू खाली ठेवून. मशिनची टोपी एक नंबरची, म्हणजे तीन मिलिमीटरची, कारण इथे केस फुगले की रुंदीत भरच. दिरांना वाटलं, आणखी लांब केले तर आणखी बारीक दिसेन. ती म्हणाली, "नको दादा, गालाच्या सगळ्यात फुगीर जागेवर टोक येतं. लोक तिथेच बघतात." पटण्यासारखं आहे. टोक जिथे थांबतं, तिथे नजर थांबते. म्हणून ते गालाच्या वर तरी थांबावं, नाहीतर दाढीला मिळून जावं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते माप घेताना. दोन्ही कल्ले कानाच्या एकाच खुणेला आणले की झाले सारखे, असं वाटतं. पण बहुतेकांचे दोन कान एका उंचीवर नसतातच! ती गिऱ्हाइकाला मान सरळ ठेवायला सांगते, चष्मा काढायला लावते आणि समोर उभी राहून दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना दोन हातांची तर्जनी लावते. बोटं डोळ्यांच्या रेषेशी समांतर आहेत की नाहीत, ते आरशात बघते. कमी-जास्त असेल तर लांब बाजू थोडी कमी करते, एका वेळी दाण्याएवढीच. घाईत एकदा ही बाजू, एकदा ती बाजू असं करत गेलं की कल्ले वर-वर सरकतात आणि शेवटी कानाच्या वर दोन टिकल्या उरतात. केस कुरळे असतील तर ते कोरडेच कापायचे. ओले असताना बरोबर दिसलेलं माप वाळल्यावर आखडून वर जातं. माप झाल्यावर चष्मा परत घालून बघायचं, कारण चष्म्याची काडी कल्ल्याच्या वरच्या भागावरूनच जाते. जाड काडी असेल तर बारीक कल्ला तिच्यापुढे हरवतो.

एक अडचण तिच्याही हाताबाहेरची. काहींना, विशेषतः विशीतल्या मुलांना, कानापुढे केस विरळ असतात, मध्ये चट्टा दिसतो. तिथे रुंद कल्ला राखायचा हट्ट धरला तर तो खरवडल्यासारखा दिसतो. ती अशा मुलांना जिथपर्यंत केस दाट आहेत तिथेच थांबवते, चेहरा कसाही असो.

लग्नघरातल्या आयाबायांना तिचं वेळापत्रकही सांगून ठेवते. कल्ला लांब करायचा म्हणजे वरचे केस खाली वाढायची वाट बघायची नसते, तिथली दाढी वस्तऱ्यातून सोडायची असते. दाढीचे खुंट सहा-सात मिलिमीटर व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे नवरदेवाने महिनाभर आधी कानापुढे वस्तरा थांबवायचा आणि नेमका आकार हळदीच्या तीन-चार दिवस आधी काढायचा. अगदी आदल्या दिवशी काढला तर नुकती कोरलेली कातडी भोवतीच्या रंगापेक्षा उजळ दिसते, आणि फोटोत ती पांढरी पट्टी आयुष्यभर राहते.