कंटाळ्याचा पत्ता

मे महिन्यातली प्रताप नगरातली दुपार. रिंग रोडवर चिटपाखरू नाही, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. गल्लीतल्या अभ्यासिकेत कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास आणि त्याची अखंड घरघर. एमपीएससीची तयारी करणारा एक पोरगा राज्यघटनेचं पुस्तक उघडून बसलाय. तीच ओळ चौथ्यांदा वाचून तो शेजारच्याला हळूच म्हणतो, "बोर होऊन राह्यलं ना बे. पुस्तकच भंगार आहे."

कंटाळा येणं आणि तो पुस्तकामुळे येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्या पोराला जाणवते. दुसरी तो ताडतो, आणि हा अंदाज सपशेल चुकू शकतो!

१९८९ मध्ये रॉबिन डॅमरॅड-फ्राय आणि जेम्स लेअर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे मोठ्या गमतीशीर रीतीने दाखवलं. त्यांनी काही लोकांना एका लेखाचं ध्वनिमुद्रित वाचन ऐकायला बसवलं. शेजारच्या खोलीत टीव्ही होता. काहींच्या वेळी तो बंद ठेवला, काहींच्या वेळी मोठ्याने लावला आणि काहींच्या वेळी इतका हळू ठेवला की आवाज कानावर पडावा पण ध्यानात येऊ नये. सगळ्यात कंटाळले ते हळू आवाजवाले. मोठा आवाज ऐकणाऱ्यांचंही चित्त विचलित होत होतं, पण त्यांना कारण समोर दिसत होतं, म्हणून त्यांनी टीव्हीला दोष दिला. हळू आवाजवाल्यांना एवढंच कळत होतं की आपलं लक्ष लागत नाही. मग त्यांच्या मनाने निष्कर्ष काढला: लेखच कंटाळवाणा आहे. आपलं लक्ष घसरतंय हे मन पाहतं आणि त्यावरून आपल्याला काय वाटतंय ते ठरवतं. मला तरी हे अचाट वाटतं.

पण एकाग्रता ही निम्मीच गोष्ट. एरिन वेस्टगेट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१८ मध्ये जो सिद्धान्त मांडला त्यात कंटाळ्याची दोन मुळं सांगितली आहेत. एक, लक्ष गुंतवता न येणं: काम फार सोपं असेल तर मन रिकामं राहतं, फार अवघड असेल तर पकडच सापडत नाही. दुसरं मूळ म्हणजे त्या कामात आपल्या दृष्टीने काही अर्थ न दिसणं. ही दोन्ही मुळं एकमेकांवर अवलंबून नाहीत, दोहोंपैकी एकही पुरेसं असतं. म्हणूनच ज्या कामाचं महत्त्व मनोमन पटलंय त्याचाही कंटाळा येतो. आईवडील "तुझ्या भल्यासाठीच आहे" असं कितीही सांगोत, ते दुसऱ्या मुळावर घाव घालत असतात; पोसलेलं पहिलं असू शकतं.

आता त्या पोराकडे येऊ. तो आणीबाणीच्या तरतुदी वाचतोय, कलम ३५२ आणि ३५६. नेमकं काय बिनसलंय हे त्याला कसं कळावं? पुस्तक मिटून त्याने मित्राला बाहेर न्यावं आणि या दोन कलमांतला फरक आपल्या शब्दांत सांगून पाहावा. तो न अडखळता सांगू शकला, तर मजकूर त्याच्यासाठी सोपा झालाय. पुन्हा वाचून काही होणार नाही, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली, तर मजकूर अवघड आहे. मग एकच कलम घेऊन बसावं. आणि बाहेर आल्यावर डोकं आपोआप चालायला लागलं, तर संशय आतल्या एखाद्या पुसट आवाजावर घ्यावा. कूलरची एकसुरी घरघर कदाचित निर्दोष असेल. मागच्या बाकावरची कुजबुज जास्त घातक.

फरक सांगता आला, आवाजही नाही, आणि तरी जीव रमत नाही? मग प्रश्न अर्थाचा. कलम ३५६ कोरडं वाटतं, पण १२ नोव्हेंबर २०१९ ला ते महाराष्ट्रातच लागू झालं आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवलं गेलं. ती वेळ का गाठली असेल हे शोधायला गेलं की तेच कलम वाचायला मजा येऊ लागते.

बहुतेक जण यातलं काहीच न करता मोबाइल काढतात आणि रील्स सरकवत राहतात. टोरांटो विद्यापीठातल्या केटी टॅम आणि मायकल इन्झ्लिक्ट यांनी २०२४ मध्ये हे तपासलं. एकातून दुसऱ्या व्हिडिओत उड्या मारल्या की कंटाळा कमी होईल, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात एकच व्हिडिओ पाहत राहणाऱ्यांपेक्षा उड्या मारणारे जास्त कंटाळले, आणि त्यांना पाहिलेलं कमी अर्थपूर्ण वाटलं. कुठेच पुरतं न गुंतल्यामुळे कंटाळ्याची दोन्ही मुळं एकदम जोर धरतात.

या तपासणीलाही मर्यादा आहे. सोपं-अवघड जुळवलं, आवाज हटवला, ३५६ ची गोष्टही शोधली, आणि तरी महिनोन्‌महिने प्रत्येक विषयाचा तसाच कंटाळा येत असेल, तर दोष कलमात नाही की कूलरमध्ये नाही. कदाचित त्या पोराला अधिकारी व्हायचंच नाहीये, आणि घरी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.