मोसम चुकला की वर्ष गेलं : अरबी समुद्रातल्या जहाजांचं वेळापत्रक

उर्दूत आपण ‘मौसम’ म्हणतो, मराठीत ‘मोसम’. दोन्ही शब्द अरबीतल्या ‘मौसिम’वरून आले. या अरबी शब्दाचा अर्थ मात्र निव्वळ हवामान असा नाही. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, दरवर्षी परत येणारा हंगाम. जहाजवाल्यांसाठी मौसिम म्हणजे अमुक बंदरातून तमुक बंदराकडे निघायचे दिवस. पुढे हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यातून इंग्रजीतला ‘मान्सून’ तयार झाला. म्हणजे ज्याला आपण आज पाऊस समजतो, ते मुळात जहाजांचं वेळापत्रक होतं.

हे वेळापत्रक वाऱ्याने ठरवलं. उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येकडून, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानच्या बाजूने आपल्याकडे वाहतो. हिवाळ्यात जमीन थंड आणि समुद्र त्या मानाने उबदार, म्हणून वारा उलटतो आणि ईशान्येकडून समुद्राकडे जातो. अरब खलाशी नैऋत्येच्या वाऱ्याला ‘कौस’ म्हणत आणि ईशान्येच्या वाऱ्याला ‘अझयब’. एकाने यायचं, दुसऱ्याने जायचं. वर्गात आम्ही इतकंच शिकवून पुढे जातो, पण खरी गंमत यापुढे आहे.

भारताकडे यायला नैऋत्येचा वारा हवा, मग जून-जुलैत, तो सगळ्यात जोरात असताना का निघू नये? कारण तेव्हा तो जहाज आणतो खरा, पण थेट किनाऱ्यावर आपटतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बरीच जुनी बंदरं खाडीच्या तोंडाशी आहेत. पावसाळ्यात त्या तोंडावरच्या वाळूवर मोठ्या लाटा फुटतात आणि पाठीमागून वारा ढकलत असल्यामुळे जहाजाला परत खोल समुद्रात वळताही येत नाही. म्हणून साधारण तीन महिने ही बंदरं बंद असत आणि त्या काळाला समुद्र ‘बंद’ झाला असंच म्हणत. आजही कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्याचं कारण हेच. तेव्हा कामाचा वारा म्हणजे मोसमाचा मधला भाग नाही, तर त्याची दोन टोकं. त्यातही शेपटाकडचा, ऑगस्ट-सप्टेंबरचा वारा जास्त भरवशाचा, कारण तो दिवसेंदिवस मऊ होत जातो आणि जहाज पोहोचेपर्यंत बंदर उघडलेलं असतं.

हा हिशेब इस्लामच्या आधीपासूनचा आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने इजिप्त ते केरळ प्रवासाचे दिवस लिहून ठेवले आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून ऐन उन्हाळ्यात निघायचं, समुद्राच्या दक्षिण तोंडाशी पोहोचायला सुमारे 30 दिवस, तिथून मुझिरिसपर्यंत 40 दिवस. जुलैच्या मध्यावर निघालेलं जहाज ऑगस्टच्या मध्यावर अरबी समुद्राच्या दाराशी येतं आणि सप्टेंबरच्या अखेरीस केरळात, म्हणजे बरोबर वाऱ्याच्या शेपटावर. परतीला डिसेंबर-जानेवारी. त्याच शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात आपल्या कल्याणचं आणि चौलचंही नाव बंदर म्हणून येतं.

आता एक अडचण बघा. मुसलमान खलाशांचं रोजचं कॅलेंडर हिजरी. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल, 1983 साली रमजान जूनच्या मध्यावर सुरू झाला होता. मग तो मागे सरकत सरकत सगळे ऋतू फिरून आला आणि 2015 मध्ये पुन्हा जूनमध्ये लागला. इबादतीसाठी ही फेरी आपल्याला मान्यच आहे, पण वारा चंद्र बघून वाहत नाही. ‘रजबमध्ये निघा’ असा सल्ला दहा वर्षांनी जहाज बुडवेल.

म्हणून खलाशांनी समुद्रासाठी वेगळी मोजणी ठेवली. इराणी वर्षाचा पहिला दिवस, नौरोज, (अरब त्याला नैरूझ म्हणत) तिथून दिवस मोजायचे : नैरूझचा शंभरावा, दोनशेवा, तीनशेवा. महिन्यांची नावंच नकोत. आजच्या रासल खैमा भागातले अहमद इब्न माजिद यांनी 1490 च्या सुमारास ‘किताब अल-फवाइद’ लिहिली. तिच्यात निघायच्या वेळा याच पद्धतीने दिल्या आहेत. त्यांच्या काळात हा नैरूझ मार्चमध्ये नव्हे, तर नोव्हेंबरच्या मध्याला येई. तिथून मोजलं तर तीनशेवा दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडतो, म्हणजे समुद्र उघडण्याच्या वेळी. ही मोजणीही अगदी बिनचूक नव्हती. वर्ष 365 दिवसांचंच धरल्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस मागे जायचा. पण एका मुअल्लिमच्या (जहाज चालवणाऱ्या जाणकाराच्या) 33 वर्षांच्या नोकरीत फरक पडणार आठेक दिवसांचा, तेवढ्यात हिजरी महिना पूर्ण वर्ष फिरून आलेला असतो.

वेळ चुकली तर काय होई, ते अब्दुर्रझाक समरकंदी यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हेरातचा बादशाह शाहरुख याने त्यांना 1442 मध्ये वकील म्हणून कालिकतला पाठवलं. होर्मुझ बंदरात त्यांचा खोळंबा झाला आणि मोसम संपता संपता जहाज निघालं. मस्कतला पोहोचल्यावर सोबतच्या व्यापाऱ्यांनी सांगून टाकलं, वेळ गेली, आता पुढे जायचं नाही. मग उन्हाळाभर ओमानच्या किनाऱ्यावर अडकणं आलं. तिथल्या भयंकर गर्मीचं वर्णन त्यांनी केलं आहे. त्यांना ताप आला, आणि सोबतचे मोठे भाऊ त्याच आजारपणात वारले. समुद्र पुन्हा उघडल्यावर कलहात बंदरातून निघालेलं जहाज मात्र 18 दिवस-रात्रीत कालिकतला लागलं. परतीला होनावरहून होर्मुझपर्यंत त्यांना 65 दिवस लागले, वाटेत वादळानेही गाठलं.

अडकण्याचा दुसरा प्रकार रोजचाच होता. शरदात आलेल्या व्यापाऱ्याला परतीचा वारा मिळेपर्यंत माल विकायला काही आठवडे मिळत. माल विकला गेला नाही, उधारी वसूल झाली नाही, तर हिवाळ्याचा वारा निघून जाई आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथेच राहावं लागे. अशा मुक्कामात घर भाड्याने घेतलं जाई, निकाह होत, मुलं जन्माला येत. अल-मसूदी हे प्रवासी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आले होते. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्यांनी नोंदवलं. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेली माणसं त्यात होती. आणि त्यांच्यातच इथे जन्मलेल्यांचा एक वेगळा गट होता. त्या गटाला ‘बयासिरा’ असं नाव पडलं होतं, म्हणजे तोवर ती मुलं पाहुण्यांची राहिली नव्हती.