‘पाणी आलं का?’ : एका लिंकची चार वर्षं

आमच्या ग्रुपचं काम एकच होतं. नळाला पाणी कधी येणार, हे कळणं. जायकवाडीचं पाणी संभाजीनगर शहरात यायचं ते काही दिवसांच्या अंतरानं, आणि हर्सूलमधल्या आमच्या लेआउटला त्याची वेळ लाईनमनलाच माहीत. त्यानं एका गल्लीत सांगितलेलं दुसऱ्या गल्लीला कळेपर्यंत पाणी येऊन जायचं. म्हणून 2018च्या उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि ॲडमिन मी झालो. सुरुवातीला एकेक नंबर सेव्ह करून माणूस आत घ्यायचो. गॅलरीतून ओरडून नंबर विचारायचा, मोबाईलमध्ये ‘गल्ली तीन, निळं गेट’ असं लिहायचं, की झालं.

लिंक आली ती 2019मध्ये, माझ्या आळसामुळे. त्या एप्रिलपासून आपल्याला ग्रुपमध्ये कोणी टाकावं, हे ज्याचं त्याला ठरवता येऊ लागलं. चांगली सोय होती, पण माझं काम वाढलं. काहींना थेट घेता येईना. मग chat.whatsapp.com/ आणि त्यापुढे बावीस अक्षर-आकड्यांची गिचमीड असलेली लिंक काढली आणि देत सुटलो. एवढ्यावर थांबलो नाही. तिचा क्यूआर कोड छापून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शटरशेजारी चिकटवला. कोणीतरी उत्साहानं तीच लिंक परिसराच्या एका उघड्या फेसबुक पानावरही टाकली. कोणी टाकली, ते आजतागायत कळलेलं नाही. कळायची सोयच नाही. लिंक सगळ्यांना सारखीच असते, तिच्यावर देणाऱ्याचं नाव नसतं आणि तिला मुदतही नसते. 2019ला दिलेली लिंक 2023लाही तेच दार उघडत होती.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. फेब्रुवारी 2020मध्ये बातमी आली की अशा हजारो लिंक गुगलवर शोधल्या की सापडतात. कारण साधं होतं. कोणी लिंक उघड्या पानावर ठेवली की शोधयंत्र ती वाचणारच. मी बातमी वाचली, ग्रुपवर फॉरवर्डही केली. आपली लिंक तशीच कुठंतरी पडली आहे, हे काही डोक्यात आलं नाही. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. भाजीवाला कोणत्या गल्लीत आहे, दवाखाना उघडा आहे का, हे सगळं याच ग्रुपवर. वर्षभरात आम्ही त्या वेळच्या 256च्या मर्यादेला टेकलो. ही मर्यादा म्हणजे नकळत लागलेला आडणाच होता. 2022मध्ये ती आधी 512 आणि मग 1024 झाली आणि आमच्या दारात एकदम मोकळी जागा झाली.

2023च्या मे महिन्यात देशभर +62, +84, +254 अशा परदेशी नंबरांवरून मिस्ड कॉल येत होते. त्याच सुमारास एका सकाळी ग्रुप उघडला तर पाण्याच्या चर्चेच्या जागी करड्या ओळींची रांग. हा नंबर लिंकवरून आला, तो नंबर लिंकवरून आला. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान अकरा जण. सात +62चे, चार भारतीय. एकाच्याही नावात गल्ली नाही, कोणी ‘नमस्कार’ म्हटलेलं नाही. नवा भाडेकरू आला की पहिला मेसेज ठरलेला असतो : “आज पाणी आहे का?” हे अकराही गप्प होते. ग्रुपवर गप्प, पण खाजगीत नाही. दुपारपर्यंत शेजारच्या काकूंना घरबसल्या कामाचा मेसेज आला होता आणि गल्ली दोनमधल्या एकाला ‘चलन’ नावाची एपीके फाईल. त्यांनी ती उघडली नाही, हे नशीब. ग्रुपमध्ये शिरणाऱ्याला आमचे जुने मेसेज दिसले नव्हते, पण तीनशे घरांचे नंबर समोर मांडलेले होते. त्याला तेवढेच हवे होते.

मी पहिली चूक केली ती इथं. अकराही जणांना एकेक करून काढलं आणि हात झटकले. रात्रीत नवे सहा आले. लिंक तशीच जिवंत होती ना! दुसऱ्या दिवशी ग्रुपच्या माहितीत जाऊन, लिंकच्या पानावर `Reset link` दाबलं. एका दाबात जुनी गिचमीड मेली, दुकानावरचा क्यूआरही मेला आणि नवी बावीस अक्षरं आली. रीसेट केल्यानं आत असलेल्या कोणालाही धक्का लागत नाही, जुना एकही मेसेज पुसला जात नाही. म्हणजेच शिरलेला चोरही आतच राहतो. त्याला वेगळं काढावंच लागतं.

दुसरी चूक याहून मजेशीर. रीसेट केल्यावर सगळ्यांना कळावं म्हणून नवी लिंक मी ग्रुपवरच टाकली. सहांपैकी दोघं तोवर आतच होते. संध्याकाळी पुन्हा चार पाहुणे हजर. तेव्हा क्रम डोक्यात बसला. आधी लिंक रीसेट, मग परक्यांना बाहेर, मग सदस्यांची यादी घराघराशी ताडायची, आणि नवी लिंक कुठंही लिहायची नाही. लिंक पूर्ण बंद करायचं बटण मला काही सापडलं नाही. पण जी लिंक कोणालाच दिलेली नाही, ती बंद असल्यासारखीच.

यादी ताडायला दोन संध्याकाळी गेल्या. गल्ली चारमधल्या ताईंनी वही धरली, मी नंबर वाचत गेलो. घर विकून गेलेले, मुलाचा जुना नंबर, एक टँकरवाला (तो राहिला). ग्रुप सोडून गेलेल्यांची साठ दिवसांची यादी दिसते, तीही पाहिली. त्यात दोन अनोळखी नंबर असे निघाले की आले आणि निमूट निघूनही गेले होते. सोडून जाण्याची खबर आता फक्त ॲडमिनला येते आणि मी ती बघितली नव्हती. नंबर घेऊन ते गेले. त्यावर कोणताही रीसेट चालत नाही. सगळ्यांना अनोळखी मेसेज ब्लॉक करायला आणि पैसे गेलेच तर लगेच 1930ला फोन करायला सांगितलं, एवढंच हातात होतं.

ग्रुपवर दोघांनी ‘ॲडमिनला हर्सूलला जावं लागेल’ अशी थट्टाही केली. आम्ही हर्सूलमध्येच राहतो, पण संभाजीनगरात ‘हर्सूलला जाणं’ म्हणजे कारागृहात जाणं. त्या दिवसांत मला ती थट्टा लागली होती. पुढे समजलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021मध्येच सांगितलं होतं, की सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, संगनमत दिसावं लागतं. माणसाला घेणं आणि काढणं, एवढीच ॲडमिनची सत्ता, असंही न्यायालयानं म्हटलं होतं. आमच्या बाबतीत तीही मी नीट वापरली नव्हती.

2023च्याच मार्चमध्ये ॲडमिनच्या मंजुरीची सोय आली होती. ती जूनमध्ये चालू केली. आता लिंक हाती लागली तरी माणूस दारात थांबतो आणि मला विनंती दिसते. विनंतीत नाव नि नंबर असतो, घर नसतं. म्हणून फोन करून एकच विचारतो, तुमच्या गल्लीत व्हॉल्व्ह कुठं आहे? परका माणूस तिथं अडखळतो, आणि खरं सांगायचं तर नुकताच आलेला भाडेकरूसुद्धा. तेव्हा शेजाऱ्याचं नाव विचारावं लागतं.

दुकानावरचा कोड अजून तसाच आहे. कोणी स्कॅन केला की लिंक बदलल्याचा निरोप येतो. दुकानदार भाऊंनी कागद काढला नाही, खाली पेनानं लिहिलं आहे : “पाण्याचं आत विचारा.”