बसआड गेलेला सात नंबर

चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र संगणक पाहतो तेव्हा डिटेक्टर प्रत्येक माणसाभोवती एक चौकट आखतो. पण पुढच्या फ्रेममध्ये तो ती सगळी माणसं नव्यानेच पाहतो. मघाचा सात नंबर आता कोणता, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरवायचं काम ट्रॅकरचं.

२०१६ साली आलेल्या ‘सॉर्ट’ या ट्रॅकरने हे काम फार थोडक्यात केलं. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेला फिल्टर त्याच्या मुळाशी आहे. चौकट कुठे आहे आणि किती वेगाने सरकते आहे, यावरून फिल्टर पुढची जागा सांगतो. डिटेक्टरची चौकट आली की अंदाज आणि निरीक्षण यांपैकी जे जास्त भरवशाचं, त्याच्याकडे तो झुकतो. अंदाजाची आणि नवी चौकट जितकी एकमेकींवर चढते, तितकी ती जोडी पक्की. सगळ्या जोड्या मिळून सर्वांत चांगल्या कशा जुळतील, हे ‘हंगेरियन’ पद्धत ठरवते.

आता समजा, सात नंबरची चौकट ४० पिक्सेल रुंद आहे आणि दर फ्रेमला ४ पिक्सेल उजवीकडे जाते. तो थांबलेल्या बसआड गेला आणि १२ फ्रेमनंतर दिसला. मधल्या काळात निरीक्षण नाही, म्हणून फिल्टर केवळ अंदाजावर चौकट ४८ पिक्सेल पुढे नेतो. शेवटी दिसलेली जागाच धरून बसला असता, तर जुनी आणि नवी चौकट एकमेकींना शिवल्याही नसत्या. अंदाज ६ पिक्सेलनी चुकला तरी दोन्ही चौकटी मिळून व्यापलेल्या जागेपैकी सुमारे ७४ टक्के जागा सामाईक राहते. ‘सॉर्ट’ला ३० टक्के पुरतात.

गंमत अशी, की खुद्द ‘सॉर्ट’ इतका वेळ थांबतच नाही. एखादी फ्रेम चुकली की तो माग सोडतो आणि माणसाला नवा नंबर देतो. २०१७ च्या ‘डीपसॉर्ट’ने ३० फ्रेमपर्यंत वाट पाहायचं ठरवलं आणि कपडे-रूपाचं वर्णन १२८ आकड्यांत साठवून तेही जुळवलं. त्याच्या कर्त्यांच्या चाचणीत नंबर बदलण्याचे प्रकार ४५ टक्क्यांनी घटले.

थांबण्याचाही धोका असतोच. आड असताना दर फ्रेमला फिल्टरची अनिश्चितता वाढते. ती वाढली, की लांबची चौकटही ‘शक्य’ वाटू लागते आणि हरवलेला सात नंबर नुकत्याच दिसलेल्या आठ नंबरची चौकट पळवतो. म्हणून ‘डीपसॉर्ट’ ताज्या मागांना आधी जोडीदार देतो. माणूस बसआड उभाच राहिला किंवा उलटा फिरला, तर वेगावरचा अंदाज पार फसतो. तिथे रूपच काय ते वाचवतं, आणि सगळे एकाच गणवेशात असतील तर तेही नाही.

त्यामुळे गर्दी मोजणारी यंत्रणा घेताना किती माणसं सापडली एवढ्यावर थांबू नये. चाचणीत नंबर किती वेळा बदलले, हा आकडा विक्रेत्याकडून जरूर मागून घ्यावा.