बिलांतून दिसणारे तीन ग्राहक

समजा, भोसरीतल्या एका छोट्या खोकी-पुरवठादाराकडे दोन वर्षांच्या ऑर्डरी नोंदलेल्या आहेत. आधी जीएसटी किंवा मोबाइल क्रमांक जुळवून एकाच ग्राहकाची वेगवेगळी नावे एकत्र करायची. मग प्रत्येकापुढे तीनच गोष्टी मांडायच्या: ऑर्डर किती दिवसांनी येते, खोके कोणते, पैसे कधी मिळतात.

त्यातून तीन चेहरे, म्हणजे ‘पर्सोना’, उभे राहतात. सुट्या भागांचा कारखानदार दरमहा त्याच मापाची पाच-प्लायची खोकी उधारीवर घेतो. मिठाईवाला दिवाळीआधी छापील डबे एकदम उचलतो. घरगुती ऑनलाइन विक्रेती तीन-प्लायची थोडी खोकी वरचेवर, रोखीने नेते.

एकाच बड्या ग्राहकावरून चेहरा रंगवला तर अंदाज चुकतो. गटात निदान पाच-सहा ग्राहक हवेत.

दर ऐकून परत गेलेला माणूस मात्र या नोंदींत नसतोच. त्याच्याविषयी त्यांवरून निष्कर्ष काढू नयेत.