कोणत्या दिवशी, कोणत्या इमारतीत?

‘टाकीच्या कामामुळे पुढील आठवड्यात काही इमारतींचे पाणी बंद राहील.’ सोसायटीच्या फलकावर एवढंच लिहिलं, की सगळेच रोज पिंपं भरू लागतात आणि गच्चीवरची टाकी काम सुरू होण्याआधीच तळ गाठते. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर हाल विचारू नका.

अशा वेळी सचिवांना लिहायच्या पत्रात कळीचा प्रश्न एकच: काम कोणत्या टाकीचं आहे? जमिनीखालच्या टाकीत पालिकेचं पाणी येतं आणि पंपाने ते वर चढतं. ती उपसली, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या इमारतींचा पुरवठा तुटतो. गच्चीवरच्या टाकीचं काम असेल, तर सहसा तेवढ्याच इमारतीला झळ बसते. त्यामुळे टाकी कळली, की इमारतीही कळतात.

पत्र असं लिहिता येईल:

‘मा. सचिव, स.न.वि.वि. फलकावरील ५ तारखेच्या सूचनेत पाणी बंद राहण्याचे दिवस व इमारती दिलेल्या नाहीत. काम कोणत्या टाकीचे आहे, कोणत्या इमारतींचे पाणी कोणत्या तारखेला किती ते किती वाजेपर्यंत बंद राहील आणि टँकर येणार आहे का, हे कळवावे. सुधारित सूचना प्रत्येक इमारतीच्या जिन्यापाशी लावावी, ही विनंती.’

खाली नाव, सदनिका क्रमांक आणि सही. पत्राच्या दोन प्रती काढा. एकीवर कार्यालयाची तारखेसह पोच घ्या. फक्त तोंडी सांगितलं, तर ते समितीच्या बैठकीपर्यंत पोचेलच असं नाही.