मागितला गोळा, निघाली उसळी

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये र्यू हा पात्र हादोकेन नावाचा ऊर्जेचा गोळा सोडतो. त्यासाठी दांडी खाली, तिथून तिरपी आणि मग पुढे फिरवून ठोशाचे बटण दाबायचे असते. खेळाडू या दिशा कीबोर्डवरच्या अंकपट्टीने लिहितात: 2 म्हणजे खाली, 6 म्हणजे पुढे आणि 3 हा दोन्हींच्या मधला कोपरा. म्हणून हादोकेन झाला 236. उसळी घेऊन हाणायचा शोर्युकेन 623.

अशा खेळात सेकंदाला साधारण ६० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमला दांडी कुठे आहे आणि कोणते बटण दाबले आहे याची नोंद होते. ठोशाचे बटण दाबले गेले की प्रोग्राम ही नोंदवही उलटी वाचतो: आधी 6 सापडतो का, त्याच्या मागे 3, त्याच्या मागे 2? शिवाय दोन टप्प्यांमधले अंतर ठरलेल्या मुदतीत आहे का, हेही तपासले जाते. समजा, 2 दहाव्या फ्रेमला लागला, 3 पंधराव्या, 6 एकोणिसाव्या आणि बटण बाविसाव्या. मुदत ८ फ्रेमची असेल तर गोळा सुटतो. ४ ची असेल तर पहिलेच अंतर ५ भरते आणि र्यू नुसता ठोसा मारतो. सरावाच्या पडद्यावर दिशांची यादी दिसते. तिच्यात 3 च नसेल तर चूक हाताची. तिन्ही दिशा असूनही गोळा आला नाही, तर हालचाल मुदतीबाहेर गेली असण्याचा संभव अधिक.

बफर ही दुसरी मुदत. आधीचा फटका तिसाव्या फ्रेमला संपणार आहे आणि खेळाडूने सत्ताविसाव्यालाच बटण दाबले. ४ फ्रेमचा बफर ते लक्षात ठेवतो आणि मोकळीक मिळताच फटका काढतो. पंचविसाव्याला दाबले असते तर ते वाया गेले असते. मग बफर वीस फ्रेमचा का ठेवू नये? कारण घाईत दोनदा बडवलेले बटणही लक्षात राहते आणि नको असताना दुसरा फटका निघतो.

खरी गुंतागुंत पुढे चालत येऊन गोळा मारताना होते. चालताना दांडी 6 वर असते, म्हणून नोंद होते 6236. तिच्यात 236 आहे आणि 623 सुद्धा! शोर्युकेन आधी तपासला जात असेल, आणि बहुधा तसेच असते, तर गोळ्याऐवजी र्यू उसळतो आणि खाली येईपर्यंत मार खायला मोकळा राहतो. बटण दाबताना दांडी 6 वर असेल तर गोळाच धरावा, असा नियम केला, तर शोर्युकेनची हालचाल सैल हाताने 6 पर्यंत नेणाऱ्यांची उसळी हुकते. सुरुवातीचा 6 फार वेळ दाबून ठेवलेला असेल तर तो न मोजणे हा दुसरा उपाय. त्यात चालता चालता शोर्युकेन मारणारा अडतो. खेळाडूला मात्र नियमात बदल न करताही वाट काढता येते: चालणे थांबवून, जुना 6 मुदतीबाहेर जाईपर्यंत क्षणभर दांडी मध्यावर सोडायची आणि मगच 236 फिरवायचे.